गाई मोजणार कोण?

भूजल आटले, मासळी संपत आली किंवा डोंगर बोडका झाला की वाद ठरलेल्या दोन वाटांनी सुरू होतो. एक बाजू म्हणते, सरकारने ताबा घ्यावा, कायदा करावा, पहारेकरी नेमावेत. दुसरी म्हणते, वाटणी करून ज्याचे त्याला द्या; स्वतःचे झाले की माणूस आपोआप जपतो. भांडण कडाक्याचे होते, पण दोघांच्या पायाखालची जमीन एकच असते. सामाईक गोष्ट वापरणारे लोक एकत्र बसून ती सांभाळू शकतात, हे दोघांपैकी कोणालाच खरे वाटत नाही. मला वाटते, वाद भरकटतो तो इथेच. मालक कोण, हा प्रश्न नंतरचा आहे. आधी विचारायला हवे ते हे, की नियम कोणी मोडला तर तो कोणाला दिसतो, किती लवकर दिसतो, आणि पाहत राहण्याचा खर्च कोण उचलतो? शेकडो वर्षे टिकलेली सामाईक कुरणे आणि मासेमारीची ठिकाणे पाहिली तर तिथल्या लोकांनी याच प्रश्नाचे उत्तर शोधलेले दिसते, आणि ते बहुतेक वेळा सरकारी किंवा बाजारी उत्तरापेक्षा सरस होते.

दोन्ही बाजू ज्या दृष्टान्ताचा आधार घेतात तो जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांच्या १९६८ सालच्या लेखातला. लेखाचा मूळ विषय लोकसंख्यावाढ. कुरण आले ते उदाहरण म्हणून, आणि तेही अर्थशास्त्रज्ञ विल्यम फॉर्स्टर लॉइड यांनी १८३३ मध्ये मांडलेल्या कल्पनेवरून घेतलेले. सर्वांना मोकळे असलेले एक कुरण आहे. गुराख्याने आणखी एक गाय सोडली तर तिचे सगळे दूध त्याचे, आणि गवताचे नुकसान मात्र सगळ्यांत वाटले जाणार. प्रत्येक जण हाच हिशेब करतो, गाई वाढत जातात आणि कुरण उजाड होते. तर्क बिनतोड आहे. पण या कुरणावर काय काय घडत नाही ते पाहा. गुराखी एकमेकांशी बोलत नाहीत. कोणाची किती गुरे हे कोणी विचारत नाही. शेजाऱ्याने दहावी गाय सोडलेली दिसली तरी त्याला कोणी हटकत नाही. बाहेरगावचा माणूस कळप घेऊन आला तरी कोणी अडवत नाही. पिढ्यान्‌पिढ्या एकाच गवतावर जगणारी माणसे अशी मुकी राहतात का? हार्डिन यांनी वर्णन केले ते आव-जाव-घर-तुम्हारा अशा रानाचे, आणि तसे रान खरोखरच उजाड होते. ज्या कुरणाला हद्द आहे, सभासद आहेत, नियम आहेत, त्याला ते वर्णन लागू पडत नाही. तीस वर्षांनी, १९९८ मध्ये, खुद्द हार्डिन यांनीही कबूल केले की आपल्याला अभिप्रेत होते ते व्यवस्थापन नसलेले कुरण, आणि तो शब्द घालायचे राहून गेले. तोवर तो लेख जगभरच्या अभ्यासक्रमांत आणि धोरणांत मुरला होता.

सरकारी उपायाची बाजू आधी घेऊ, कारण ती वरवर सर्वांत समंजस वाटते. बाहेरून एक निःपक्ष अधिकारी येईल, किती गाई हे ठरवेल, जास्त सोडणाऱ्याला दंड करेल. यात वावगे काय? राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रम यांनी या उपायाचा हिशेब अगदी छोट्या आकड्यांत मांडून दाखवला. (याच क्षेत्रातल्या कामासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.) समजा, कुरणावर दोनच गुराखी आहेत. दोघांनी मर्यादा पाळली तर प्रत्येकाला १० मिळतात, दोघांनी मोडली तर शून्य. एकाने पाळली आणि दुसऱ्याने मोडली, तर मोडणाऱ्याला ११ आणि पाळणाऱ्याला उणे १. म्हणजे समोरचा काहीही करो, मोडणेच फायद्याचे. आता मोडणाऱ्याला २ दंड करणारा अधिकारी आणा. तो कधीच चुकत नसेल तर मोडणाऱ्याच्या हाती ९ राहतात, पाळणाऱ्याच्या १०. प्रश्न सुटला.

पण अधिकारी माणूस आहे, आणि तो कुरणावर राहत नाही. समजा, दहापैकी सात वेळा त्याचा निर्णय बरोबर असतो आणि तीन वेळा चुकतो. म्हणजे कधी चोर सुटतो, तर कधी नियम पाळणाऱ्यालाच दंड होतो. मग दुसऱ्याने मर्यादा पाळली असताना आपणही पाळली तर सरासरी ९.४ मिळतात, मोडली तर ९.६. मोडणे पुन्हा फायद्याचे. या आकड्यांत अधिकाऱ्याची अचूकता ७५ टक्क्यांच्या वर गेली तरच दंडाचा उपयोग होतो. आणि ही अचूकता फुकट मिळत नाही. त्यासाठी पहारेकरी लागतात, फेऱ्या लागतात, नोंदी लागतात, आणि कुंपणच शेत खाऊ लागले तर त्या पहारेकऱ्यांवर आणखी पहारेकरी लागतात. हा खर्च कागदावरच्या योजनेत कधी दिसत नाही, कारण अधिकाऱ्याला सगळे माहीत असते असे योजनेने धरूनच चाललेले असते.

आता कल्पनेतल्या कुरणाशेजारी एक खरे कुरण ठेवून पाहू. स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतात टोर्बेल नावाचे डोंगराळ गाव आहे. मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट नेटिंग यांनी त्याची जुनी कागदपत्रे बारकाईने अभ्यासली. १ फेब्रुवारी १४८३ रोजी तिथल्या रहिवाशांनी एक करार करून उंचावरची उन्हाळी कुरणे, जंगल आणि पडीक जमीन यांच्या वापरासाठी आपली संघटना उभी केली. शेते, द्राक्षमळे आणि गवताची राखलेली शिवारे प्रत्येक कुटुंबाची स्वतःची, वरची कुरणे मात्र सर्वांची. म्हणजे खासगी मालकी काय असते हे त्यांना चांगले ठाऊक होते, आणि तरीही वरची जमीन त्यांनी जाणूनबुजून सामाईक ठेवली. १५१७ सालापासून तिथे एक नियम नोंदलेला आहे: हिवाळाभर पोसता येतील तेवढ्याच गाई उन्हाळ्यात वर न्यायच्या.

मला या एका ओळीचे फार अप्रूप वाटते. हार्डिन यांच्या गुराख्याला जो मोह होतो तोच ती नेमका कापून टाकते. वसंतात स्वस्तात गाई घ्या, सामाईक गवतावर पोसा आणि शरदात विका, हा धंदा तिथे करताच येत नाही. शिवाय मर्यादा मोजायला कोणा तज्ज्ञाची गरज पडत नाही. हिवाळ्याचा चारा ज्याच्या त्याच्या शिवारात पिकतो आणि ज्याच्या त्याच्या गोठ्याशेजारी रचला जातो. तो किती आहे हे शेजाऱ्यापासून लपवणे केवळ अशक्य. गाई वर नेल्या की त्यांची मोजणी होई, आणि वर तयार होणाऱ्या चीजची वाटणी गाईंच्या संख्येवर होत असल्याने मोजणी चोख व्हावी यात प्रत्येकाचाच स्वार्थ होता. दंड वसूल करणाऱ्या गावच्या अधिकाऱ्याला दंडाची निम्मी रक्कम स्वतःला ठेवता येई. कोणाच्याही चांगुलपणावर भिस्त न ठेवता सगळी रचना उभी केलेली. हा नियम समान वाटणीचा नव्हता हेही सांगायला हवे: ज्याचे गवताचे शिवार मोठे त्याच्या गाई जास्त. त्याने न्याय किती झाला यावर वाद घालता येईल, पण कुरण टिकले यावर नाही.

यावर म्हटले जाते की ही जुन्या, एकजिनसी, पापभीरू गावांची गोष्ट झाली. मग तुर्कस्तानच्या भूमध्य किनाऱ्यावरचे अलान्या पाहा. तिथली व्यवस्था विसाव्या शतकातली, आणि ती जन्मली ती मारामारीतून. तिथे सुमारे शंभर मच्छीमार, बहुतेक दोन-तीन माणसांच्या होड्यांवरून जाळी टाकणारे. मासळी सगळीकडे सारखी लागत नाही; काही ठिकाणे भरघोस, काही अगदीच मध्यम. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चांगल्या जागांवरून हाणामाऱ्या होऊ लागल्या. जागा पकडायच्या शर्यतीत खर्च वाढला आणि कमाईचा भरवसा उरला नाही. तेव्हा स्थानिक सहकारी संस्थेच्या सभासदांनी प्रयोग सुरू केले. दहाएक वर्षे चुकतमाकत, सुधारत जी पद्धत बसली ती पर्यावरण-अभ्यासक फिक्रेत बर्केस यांनी १९८०च्या दशकात अभ्यासून नोंदवली.

त्यांनी नोंदवलेली पद्धत अशी: दर सप्टेंबरात परवानाधारक मच्छीमारांची यादी होते. संस्थेचा सभासद असो वा नसो, नाव सगळ्यांचे. जाळे टाकण्याजोग्या सगळ्या जागांना नावे दिलेली आहेत आणि त्यांचीही यादी आहे. दोन जागांमधले अंतर असे राखले आहे की एकाच्या जाळ्याने शेजारच्या जागेकडे जाणारा मासा अडू नये. मग चिठ्ठ्या टाकून पहिल्या दिवसाची जागा ठरते. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक होडी रोज एक जागा पूर्वेकडे सरकते, जानेवारीपर्यंत. जानेवारीनंतर हाच क्रम उलटा होऊन होड्या रोज एक जागा पश्चिमेकडे सरकू लागतात, ते मे महिन्यापर्यंत. दिशा का बदलायची? कारण मासा हंगामाच्या पूर्वार्धात पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो आणि उत्तरार्धात परततो. होड्या त्याच्या समोरून येत राहिल्या की प्रत्येकाच्या वाट्याला चांगले-वाईट दिवस सारखे येतात. ही माहिती कोणत्या मंत्रालयात असणार? आणि असली, तरी प्रत्येक जागेचा तळ, प्रवाह, जाळ्याची लांबी हे सगळे धरून अशी यादी करायला तिथल्या अधिकाऱ्याला किती वर्षे लागली असती?

आता पहाऱ्याकडे पाहू. समजा, आज एकाच्या वाट्याला हलकी जागा आली आहे आणि तो गुपचूप भरघोस जागेवर जायचे ठरवतो. त्या जागेवर आज ज्याचा हक्क आहे तो तिथे पहाटेच हजर असणार, कारण असा दिवस त्याला पुन्हा लवकर मिळणार नाही. म्हणजे चोरी करण्याजोगी जी जागा, नेमकी तिथेच पाहणारा उभा, आणि ज्याचे नुकसान व्हायचे तोच पाहणारा. ज्याचे जळते त्यालाच कळते, या आपल्या म्हणीवरच जणू सगळी यंत्रणा उभी आहे. त्याने हाकलून लावले तर बाकीचे त्याच्या बाजूने उभे राहतात, कारण उद्या तीच जागा त्यांच्यापैकी एकाची असते. जे थोडे तंटे होतात ते कॉफीच्या दुकानात बसून मिटवले जातात. पगारी पहारेकरी एकही नाही. मासेमारी करताकरताच पहारा होतो. वरच्या आकडेमोडीतला अधिकारी ७५ टक्क्यांसाठी धडपडत होता. इथे त्याच्याहून कितीतरी जास्त अचूकता जवळजवळ फुकट मिळते.

खासगीकरणाचे समर्थक म्हणतील की हीसुद्धा एक प्रकारची वाटणीच झाली. खरे आहे, पण रोज बदलणारी वाटणी, जी विकता येत नाही आणि जिचे नियम वापरणारेच ठरवतात. समुद्राचे तुकडे करून कायमचे वाटले असते तर भरघोस तुकडा मिळालेला श्रीमंत झाला असता आणि हलका तुकडा मिळालेल्याने रात्री जाळे घेऊन शेजाऱ्याची हद्द ओलांडली असती. जिथे पाऊस किंवा मासा जागा बदलत राहतो तिथे कायमची हद्द आखणे म्हणजे निम्म्या लोकांना वाईट वर्षी उपाशी ठेवणे. मंगोलिया आणि तिच्या शेजारच्या गवताळ प्रदेशांत हा प्रयोग प्रत्यक्ष घडला आहे. मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड स्नीथ यांनी १९९८ मध्ये उपग्रहचित्रांच्या आधारे तुलना प्रसिद्ध केली. मंगोलियात पशुपालकांचे गट आपल्या रीतीने कळप ऋतुमानानुसार हलवत राहिले, तिथे सुमारे एक दशांश कुरण खालावलेले दिसले. रशियाच्या बाजूला सरकारी सामूहिक शेतांनी कळप एका जागी बसवले होते. तिथे सुमारे तीन चतुर्थांश. चीनच्या बाजूला आधी सामूहिकीकरण झाले आणि पुढे कुरणे कुटुंबांना वाटली गेली. तिथे एक तृतीयांशाहून थोडे अधिक. तीन देशांत इतरही फरक होते, लोकवस्ती आणि शेतीचा दाब वेगळा होता, त्यामुळे सगळे श्रेय एकाच कारणाला देणे बरोबर नाही. पण ज्याला मागासलेले म्हणून हिणवले गेले त्याच वापराखाली गवत सर्वांत चांगले राहिले, याचे उत्तर दोन्ही बाजूंनी द्यायला हवे.

या मांडणीवरचे सर्वांत वजनदार आक्षेप दोन आहेत, आणि दोन्ही मला मान्य आहेत. पहिला, अशा संस्था बाहेरच्यांना दार बंद करतात. टोर्बेलमध्ये बाहेरच्या माणसाने जमीन विकत घेतली तरी सामाईक कुरणावर त्याचा हक्क होत नसे. आतही सगळे समान नसतात. निर्णय घेणाऱ्या बैठकीत कोण बसते आणि कोण दाराबाहेर उभे राहते, हा प्रश्न प्रत्येक गावात विचारावाच लागतो. सामूहिक व्यवस्था म्हटली की तिच्यावर मायेचे पांघरूण घालणारे लेखन मला म्हणूनच पटत नाही. पण दार मुळात नसणे हा यावरचा उपाय होऊ शकत नाही. कोण आत आणि कोण बाहेर हे ठरलेले नसेल तर गाई कोणाच्या मोजायच्या? दार कोणत्या कसोटीवर उघडायचे यासाठी भांडावे, आणि ते भांडण खुशाल कायद्याच्या दरबारात न्यावे.

दुसरा आक्षेप आकाराचा. शंभर होड्यांना जमले ते अख्ख्या महासागराला कसे जमेल? नाहीच जमणार, निदान तसेच्या तसे नाही. अलान्याची पद्धतसुद्धा जागेचे तंटे मिटवते. एकूण किती मासा काढायचा याला ती मर्यादा घालत नाही. पण मोठ्या आकारावर सरकार आपोआप यशस्वी होते असे समजणाऱ्यांनी कॅनडाच्या न्यूफाउंडलंडकडे पाहावे. १९७७ मध्ये कॅनडाने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचा समुद्र आपल्या ताब्यात घेतला. परदेशी कारखानी जहाजांना आवर बसला, शास्त्रज्ञ नेमले गेले, दरवर्षी कॉड माशाचा कोटा ठरू लागला. अंदाजासाठी मोठ्या ट्रॉलरांच्या पकडीचेही आकडे धरले जात होते, आणि उरलेला मासा एके ठिकाणी दाटून राहत असल्याने ट्रॉलरांना तो शेवटपर्यंत मिळतच राहिला. किनाऱ्याजवळ छोट्या होड्यांतून मासेमारी करणारे १९८०च्या दशकात सांगत होते की मासा कमी झालाय, आकाराने लहान झालाय. त्यांचे म्हणणे तक्रार म्हणून ऐकले गेले, मोजमाप म्हणून नाही. १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला. समुद्र इतका मोठा होता की किनाऱ्यावरच्या लोकांना तो एकट्याने सांभाळता आला नसता, हे मान्य. पण ज्यांना दिसत होते त्यांचे डोळे ज्या व्यवस्थेने बाहेर ठेवले, ती आकाराने मोठी असली म्हणून शहाणी कशी ठरते?

सरकारशिवाय सगळे चालते, असा माझा दावा नाही. अलान्यातली यादी सगळ्यांच्या सह्यांनिशी दरवर्षी नगराध्यक्षांकडे आणि स्थानिक पोलिसांकडे दिली जाई, आणि सहकारी संस्थांना स्थानिक व्यवस्था लावण्याची मुभा देणाऱ्या कायद्याचा मच्छीमारांनी आधार घेतला होता. नियम त्यांनी केले, सरकारने ते नाकारले नाहीत. एवढेच त्यांना पुरेसे होते. हे न मिळाल्यास काय होते ते त्याच देशातल्या बोद्रुममध्ये दिसते. तिथली किनारी मासेमारी १९७०च्या दशकापर्यंत ठीक चालली होती. मग सरकारी प्रोत्साहनाने मोठे ट्रॉलर आले, पर्यटनाबरोबर भाड्याच्या नौका आल्या, हौशी आणि अर्धवेळ मच्छीमार वाढले. इतक्या वेगवेगळ्या गटांना एका यादीत बसवणारे कोणी नव्हते. किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत ट्रॉलरना बंदी होती, पण ती अमलात आणली गेली नाही. स्थानिक सहकारी संस्थेने मध्यस्थीचा प्रयत्न केला आणि शेवटी सोडून दिला. छोट्या मच्छीमारांनी चिठ्ठ्या टाकून आपापसांत कितीही चोख पाळ्या लावल्या असत्या, तरी रात्री येणाऱ्या ट्रॉलरला ती यादी कोण दाखवणार होते?

म्हणून सरकारकडे मागायचे ते हेच: तीन मैलांची रेषा राखा, आतल्या लोकांनी केलेली यादी ग्राह्य धरा, आणि बैठकीच्या दाराबाहेर ठेवलेल्याला दाद मागायची जागा द्या. कोणती होडी कोणत्या दिवशी कुठे जाळे टाकेल हे मात्र त्यांच्यावर सोपवा, कारण मासा जानेवारीत दिशा बदलतो हे त्यांना ठाऊक आहे, आणि चुकीच्या जागी जाळे पडलेले पहाटे सर्वांत आधी त्यांनाच दिसते.